उच्छ्वासाचा हिशेब

'अपोलो १३' संपला, नावं वर सरकायला लागली आणि तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलीनं विचारलं, "पण तो चौकोनी डबा शेवटी गोल भोकात बसवला कुठे?" आजूबाजूच्या मोठ्यांनी हसून सांगितलं, "अगं, दाखवलं की, चिकटपट्टी लावून बसवला ना!" तिचं काही समाधान झालं नाही, आणि ते बरोबरच होतं. १९७० मध्ये चंद्राकडे निघालेल्या यानातली प्राणवायूची टाकी फुटते, आणि तिघा अंतराळवीरांना चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात बसून परतीचा प्रवास करावा लागतो, त्या खऱ्या मोहिमेवरचा हा चित्रपट. त्यातला तो प्रसंग सगळ्यांच्या लक्षात असतो. एक इंजिनिअर टेबलावर खोकं उपडं करतो, नळ्या, पिशव्या, कागद, पट्ट्या असा पसारा पडतो, आणि तो म्हणतो की हा डबा या भोकात बसला पाहिजे, आणि वापरायचं ते एवढंच सामान. वाक्य इतकं पक्कं डोक्यात बसतं की पुढे पडद्यावर जे तयार झालेलं दिसतं त्याकडे कुणी नीट बघतच नाही. चौकोनी डबा गोल भोकात बसलाच नाही. चित्रपटातही नाही आणि १९७० च्या एप्रिलमध्येही नाही. भोक होतं तिथंच राहिलं, त्याला कुणी हातही लावला नाही.

मग त्यांनी केलं काय? या प्रश्नाचा माग काढत गेलं की अवकाशावरचे चित्रपट बघायची नजरच बदलते, कारण त्यात स्फोटापेक्षा आणि रॉकेटपेक्षा फार साधी गोष्ट मध्यभागी येते. माणूस श्वास सोडतो. सोडलेला श्वास कुठे तरी जावा लागतो.

पृथ्वीवर याचा विचार करावा लागत नाही. उच्छ्वास गरम असतो, हलका असतो, तो वर जातो आणि त्याच्या जागी ताजी हवा येते. अंतराळात वजनच जाणवत नाही, त्यामुळे गरम हवा वर जायचा प्रश्न नाही. 'वर' असं काही नसतंच. पंखा बंद असेल तर झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्याच्याच उच्छ्वासाचा ढग साचून राहतो. म्हणून यानात दोन गोष्टी लागतात: हवा सतत फिरवणारा पंखा, आणि फिरणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेणारं काहीतरी. अपोलोच्या यानांत ते काहीतरी म्हणजे लिथियम हायड्रॉक्साइडचे पांढरे दाणे. हवा त्या दाण्यांमधून गेली की कार्बन डायऑक्साइड त्यांना धरून बसतो:

2LiOH + CO₂ → Li₂CO₃ + H₂O

हे परत उलटं होत नाही. दाणे संपले की डबा टाकायचा आणि नवा लावायचा. हिशेब वहीत करून पाहता येतो. एक माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. समीकरणातल्या वजनांप्रमाणे ४४ ग्रॅम वायूला ४८ ग्रॅम लिथियम हायड्रॉक्साइड लागतं, म्हणजे माणशी दिवसाला एक किलोहून थोडं जास्तच. तिघांना तीन किलोच्या वर, आणि प्रत्यक्षात आणखी, कारण प्रत्येक दाणा शेवटपर्यंत कामी येत नाही. लूनर मॉड्यूल, म्हणजे चंद्रावर उतरायचं ते छोटं यान, दोन माणसांसाठी आणि दोन दिवसांच्या हिशेबानं सजवलेलं होतं. त्यात आता तिघांना चार दिवस काढायचे होते.

इथे बहुतेक प्रेक्षकांची समजूत चुकते. टाकी प्राणवायूची फुटली, म्हणून त्यांना प्राणवायू कमी पडत होता, असं वाटतं. लूनर मॉड्यूलच्या स्वतःच्या टाक्यांत प्राणवायू भरपूर होता. परत येताना अर्ध्याहून जास्त शिल्लक राहिला. खरी ओढाताण पाण्याची होती, विजेची होती, आणि या पांढऱ्या दाण्यांची. दाण्यांचे आणखी डबे कमांड मॉड्यूलमध्ये, म्हणजे निकामी झालेल्या मुख्य यानात, पडलेले होतेच. पण ते चौकोनी होते, आणि लूनर मॉड्यूलमधले दंडगोल. दोन यानं दोन वेगवेगळ्या कंपन्यांनी बांधली होती, दोघांची हवा शुद्ध करायची यंत्रणा वेगळी होती, आणि एकाचे डबे दुसऱ्यात वापरायची वेळ येईल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

चित्रपटात एका काट्याकडे कॅमेरा पुन्हा पुन्हा जातो. तो काटा काय मोजतो ते कळलं की त्या दृश्यातली भीती नेमकी होते. तो मोजतो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. आपण बसलो आहोत त्या हवेत हा आकडा ०.३ च्या आसपास असतो. अपोलोत नेहमीच्या वेळी ७.६ च्या वर जाऊ द्यायचा नाही असा नियम होता. त्या प्रवासात तो १५ च्या जवळ पोचला. यानात हवेचा एकूण दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या जेमतेम एक-तृतीयांश, सुमारे २६० मिलिमीटर, म्हणजे आतल्या हवेत जवळजवळ सहा टक्के कार्बन डायऑक्साइड. इतक्या प्रमाणात डोकं दुखतं, श्वास जलद होतो, विचार मंद होतो. गुदमरल्याची जी घाबरवणारी भावना असते ती मुळात प्राणवायू कमी झाल्यानं येत नाही, कार्बन डायऑक्साइड वाढल्यानं येते. शरीराचा पहारा त्या वायूवर असतो. आणि अशा जड डोक्यानं त्या तिघांना कात्री-पट्टी घेऊन काम करायचं होतं.

आता ते काम जवळून बघू.

लूनर मॉड्यूलमध्ये अंतराळपोशाखांसाठी नळ्यांची एक व्यवस्था होती. निळ्या नळीतून पोशाखात ताजी हवा जायची, लाल नळीतून वापरलेली हवा परत यंत्रणेकडे ओढली जायची. तिघांनीही पोशाख घातले नव्हते, नळ्या नुसत्याच लोंबत होत्या, पण यंत्रणेचा पंखा चालू होता आणि लाल नळीचं तोंड आजूबाजूची हवा आत ओढत होतं. सगळी किल्ली या ओढीत आहे. ह्यूस्टनमध्ये नासाचा इंजिनिअर एड स्मायली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी भोकाचा नाद सोडला. हवा ओढणारं तोंड हाताशी आहे, तर त्या तोंडापुढेच चौकोनी डबा धरू; मग आत जाणारी प्रत्येक हवा आधी दाण्यांमधून जाईल. गोल भोकातला संपत आलेला डबा राहू दे तिथंच.

डब्याच्या एका बाजूनं हवा आत शिरणार, दुसऱ्या बाजूनं बाहेर पडणार. बाहेर पडणाऱ्या बाजूवर प्लास्टिकची पिशवी चढवायची. ती मिळाली पोशाखाच्या आतल्या, पाण्यानं थंड ठेवणाऱ्या कपड्यांच्या वेष्टनातून. पिशवी सरकू नये म्हणून आधी डब्याभोवती हातभर लांबीची चिकटपट्टी उलटी गुंडाळायची, चिकट बाजू बाहेर. मग पिशवी त्यावर ओढून दाबायची आणि वरून पुन्हा पट्टी. पिशवीला छोटं छिद्र पाडून त्यात लाल नळीचं तोंड सरकवायचं आणि कडेनं पट्टी लावून हवाबंद करायचं. डब्याच्या तळाशी मध्यभागी एक मोकळं छिद्र होतं. ते तसंच राहिलं तर हवा दाण्यांना टाळून तिथून सरळ निघून जाईल, कारण हवा नेहमी सोपी वाट धरते. म्हणून त्यात मोजा कोंबायचा.

राहिला पुठ्ठा. चित्रपटात तो टेबलावर पडतो, कुणीतरी उचलतो, आणि तेवढ्यावर प्रसंग पुढे जातो. पण या सगळ्या जुगाडातली सगळ्यात हुशार गोष्ट तीच आहे. नळी हवा ओढते, म्हणजे पिशवीच्या आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा कमी होतो. मग बाहेरची हवा पिशवीला आत दाबते, प्लास्टिक डब्याच्या जाळीला जाऊन चिकटतं, आणि वाटच बंद. सूचना लिहिलेल्या कार्डाचा पुठ्ठा डब्यावर कमानीसारखा वाकवून चिकटवला की पिशवी त्या कमानीवर टेकते, खाली पोकळी राहते आणि हवा वाहत राहते.

हे पटत नसेल तर करून बघण्यासारखं आहे. दोन्ही टोकं उघडी असलेलं पुठ्ठ्याचं छोटं खोकं घ्या. एका तोंडावर जाड कापड ताणून चिकटवा. ते झालं दाण्यांच्या जागी, कारण त्यातून हवा जाते पण अडखळत. त्या कापडावरून पातळ पिशवी सैलसर चढवा, कडा पट्टीनं पक्क्या करा, बाजूला छिद्र पाडून व्हॅक्यूम क्लीनरची बारीक नळी बसवा. मशीन सुरू केलं की पिशवी फटकन कापडाला चिकटते आणि मोटरचा आवाज चढतो. हवा अडल्याची ती खूण. आता मशीन बंद करून पिशवीखाली पुठ्ठ्याची कमान बसवा आणि पुन्हा सुरू करा. आवाज खाली राहतो. खोक्याच्या उघड्या टोकाशी टिश्यू पेपरचा तुकडा धरला तर तो आत ओढला जाताना दिसतो. पिशवीशी खेळताना ती डोक्यावर किंवा तोंडावर घ्यायची नाही, एवढं मात्र कटाक्षानं.

हे सगळं चित्रपटात काही मिनिटांत उरकतं, आणि तिथं एक मोठा बदल झालेला आहे. तो चूक म्हणावा की सोय, यावर मन अजून एका बाजूला ठरत नाही. पडद्यावर काटा चढतोय, वेळ संपतोय, इंजिनिअर धावतोय. प्रत्यक्षात टाकी फुटली ती प्रवासाच्या ५६ व्या तासाला, आणि हा डबा कसा बनवायचा याच्या सूचना रेडिओवरून वर गेल्या त्या ९० व्या तासाच्या सुमारास. मध्ये जवळजवळ दीड दिवस. स्मायलीच्या लोकांनी डबा खाली बनवला, चालतो का ते तपासलं, आणि मगच शब्दाशब्दानं वर सांगितला. वाचून दाखवायला आणि बनवायला तासाभराचं काम. apolloinrealtime.org वर त्या मोहिमेचं मूळ ध्वनिमुद्रण प्रवासाच्या घड्याळाप्रमाणे ऐकता येतं. तो भाग ऐकताना सगळ्यात आधी आश्चर्य वाटतं ते आवाजांचं. कुणी ओरडत नाही. एक जण संथपणे सांगतो, दुसरा ते पुन्हा म्हणून दाखवतो, मध्ये लांब खरखर, मग "पुढे सांगा". रेसिपी सांगावी तसं चाललंय. पण ती खरखर ऐकताना पोटात जो गोळा येतो तो चित्रपटातल्या संगीतानं येत नाही.

त्याच ध्वनिमुद्रणात ०५५:५५:२० ला "ह्यूस्टन, अडचण आली आहे" हे चित्रपटातलं प्रसिद्ध वाक्य सापडतं, आणि तेही वेगळंच निघतं. ते आधी तिघांपैकी जॅक स्विगर्ट म्हणतो, आणि भूतकाळात: अडचण आली होती, असं. ह्यूस्टन म्हणतं, पुन्हा सांगा. मग मोहिमेचा प्रमुख जिम लॉव्हेल तेच पुन्हा सांगतो आणि लगेच कुठल्या विद्युतवाहिनीचा दाब घसरला तेही जोडतो. चित्रपटानं ते वर्तमानकाळात आणून एकट्या लॉव्हेलच्या तोंडी दिलं. वाक्य जास्त धारदार झालं, हे कबूल करावंच लागेल.

दुसरी जागा इंजिन पेटवण्याची. परतीच्या वाटेवर मार्ग किंचित सुधारायचा असतो, संगणक बंद असतो, खिडकीत पृथ्वी धरून यान हातानं सरळ ठेवायचं असतं. चित्रपटात हे ३९ सेकंद चालतं, यान वेडंवाकडं हलतं, पृथ्वी खिडकीतून निसटते. प्रत्यक्षात इंजिन १४ सेकंद चाललं, तेही एकूण ताकदीच्या दहा टक्क्यांवर. मात्र पद्धत खरी आहे: दिवस आणि रात्र यांच्यामधली पृथ्वीवरची सीमारेषा खिडकीतल्या नेम धरायच्या काचेवरच्या आडव्या रेषेवर धरून ठेवायची. चित्रपटानं पद्धत जपली आणि थरार वाढवला. तरंगणं मात्र त्यांनी खोटं केलं नाही. नासाच्या केसी-१३५ विमानात बसून ते विमान कमानीसारखं वर-खाली उडवलं, दर वेळी साधारण २५ सेकंदांची वजनरहित अवस्था मिळायची आणि तेवढ्यात एक तुकडा चित्रित व्हायचा. म्हणूनच त्या यानातल्या तरंगत्या दृश्यांचे तुकडे आखूड आहेत. एकदा मोजायला लागलं की डोळा आपोआप मोजत राहतो.

खऱ्या मोहिमेवरून काळजीपूर्वक रचलेल्या कथेकडे वळलं की 'द मार्शियन' समोर येतो, आणि तिथंही उच्छ्वासच नायकाला पकडतो. मंगळावर एकटा पडलेला वनस्पतिशास्त्रज्ञ पाणी बनवायला निघतो. रॉकेटचं इंधन हायड्राझीन, त्याचं उत्प्रेरकावर विघटन केलं की नायट्रोजन आणि हायड्रोजन मिळतो. हायड्रोजन जाळला की पाणी. रसायनशास्त्र बरोबर आहे. मग स्फोट होतो आणि तो फेकला जातो, आणि नंतर तोच कारण सांगतो: आपण सोडत असलेल्या श्वासातला प्राणवायू हिशेबात धरलाच नाही. शाळेत आपण प्राणवायू घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो असं घोकलेलं असतं, म्हणून हे कारण अनेकांना खोटं वाटतं. पण हवेत २१ टक्के प्राणवायू असतो आणि उच्छ्वासात अजूनही सुमारे १६ टक्के उरतो. फुप्फुसं फक्त थोडासाच घेतात. ते एक वाक्य ऐकलं की लेखनामागे कुणीतरी खरंच बसून गणित केलंय याची खात्री पटते.

आणि त्याच चित्रपटाची सुरुवात मात्र चुकीची आहे. वादळ यान उलथवायला निघतं, अँटेना उडून नायकाला लागते. मंगळाची हवा पृथ्वीच्या हवेपेक्षा साधारण साठपट विरळ. वाऱ्याचा धक्का घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतो, म्हणून ६० चं वर्गमूळ काढायचं: पावणेआठच्या आसपास. मंगळावरचा ताशी १८० किलोमीटरचा वारा अंगावर पृथ्वीवरच्या ताशी २३ किलोमीटरच्या वाऱ्याइतकाच लागेल. झाडाच्या बारीक फांद्या हलतील एवढा. मूळ कादंबरीच्या लेखकाला हे माहीत होतं आणि त्यानं ते उघड मान्यही केलं आहे. निसर्गानंच माणसावर पहिला घाव घालावा असं त्याला हवं होतं. अशी एक जाणूनबुजून घेतलेली सूट आणि बाकी कडक हिशेब, हा सौदा मान्य करायला जड जात नाही.

चित्रपटात घराच्या आत प्राणवायू बनवणारं एक यंत्र गुणगुणत असतं आणि त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. चित्रपट आला २०१५ मध्ये. २०२१ मध्ये पर्सिव्हिअरन्स रोव्हरवरच्या मॉक्सी नावाच्या पेटीनं मंगळाच्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून खरोखर प्राणवायू काढला, सुमारे ८०० अंश सेल्सिअसला तापवून आणि विजेनं रेणू तोडून. सोळा वेळा ती चालवली, एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू मिळाला, जास्तीत जास्त वेग ताशी १२ ग्रॅम. माणसाला ताशी सुमारे ३५ ग्रॅम लागतो. म्हणजे दोन वर्षांहून जास्त काळात मिळालेला सगळा प्राणवायू एका माणसाला साडेतीन तास पुरला असता. चित्रपटातली ती गुणगुण पुन्हा ऐकली की तिच्यामागे केवढी वीज आणि केवढी उष्णता लागेल ते आता दिसायला लागतं.

'अपोलो १३'च्या शेवटी टाकी का फुटली याचं कारण एका वाक्यात उरकलंय: आत एक खराब झालेली गुंडाळी होती. इतक्या काळजीनं बनवलेल्या चित्रपटात ही जागा मात्र खरोखर हुकली असं वाटतं, कारण खरी गोष्ट पटकथेच्या कुठल्याही प्रसंगाइतकी अंगावर येते. टाकीतल्या हीटरला जास्त तापू न देणारा एक स्विच होता, २८ व्होल्टसाठी बनवलेला. उड्डाणाआधी जमिनीवर टाकी रिकामी करताना प्राणवायू नेहमीच्या वाटेनं निघेना, म्हणून हीटर चालवून तो उकळून काढायचं ठरलं, आणि तिथली वीज होती ६५ व्होल्टची. स्विच उघडायला गेला तसा त्याचे संपर्क वितळून जुळले. हीटर सुमारे आठ तास चालू राहिला, आत तापमान शेकडो अंशांवर गेलं आणि तारांवरचं टेफ्लॉन जळून तडकलं. तापमान दाखवणारा मापक समोरच होता. पण त्याची पट्टीच तीस अंश सेल्सिअसच्या आसपास संपत होती, कारण त्याच्या वर जायचंच नाही असं धरलेलं. काटा शेवटच्या रेघेवर जाऊन उभा राहिला आणि बघणाऱ्याला सगळं ठीक दिसलं.

दोन काटे. एक पट्टी संपल्यामुळे गप्प राहिलेला, दुसरा १५ कडे सरकत खरं सांगत राहिलेला. पहिला चित्रपटात नाहीच.

दुसऱ्याचं पुढे काय झालं ते मात्र पडद्यावरही आहे आणि नोंदींतही. डबा नळीला लागला, हवा दाण्यांमधून जायला लागली, आकडा उतरत गेला आणि १ च्या खाली आला. त्या मुलीला दुसऱ्यांदा चित्रपट लावताना एवढंच सांगितलं की टेबलावरचा पसारा सोड, पिशवीकडे बघ. तिनं तिथं चित्र थांबवलं, पडद्याजवळ गेली आणि प्लास्टिकखालच्या कमानीवर बोट ठेवून म्हणाली, "म्हणजे भोक लागलंच नाही."